सहीचा नंबर

मलकापूरच्या एका सेवा केंद्रात मागच्या उन्हाळ्यात मी माझ्या कामासाठी बसलो होतो. माझ्या पुढे एक आजी आणि तिची नात होती. नातीने नुकतीच बारावी केली होती आणि तिला पॅन कार्ड काढायचे होते. केंद्रातल्या मुलाने तिचा आधार क्रमांक टाकला, बटण दाबले आणि म्हणाला, "ओटीपी सांगा." मुलीच्या हातात मोबाईल होता, पण मेसेज आला नाही. मग तिच्या लक्षात आले की आधारला नंबर सुरतेला असलेल्या काकांचा आहे. फोन लावला, काकांनी सहा आकडे सांगितले, काम पुढे सरकले. पाच मिनिटांनी केंद्रातला मुलगा पुन्हा म्हणाला, "परत एकदा ओटीपी लागेल, काकांना लावा."

आजी वैतागल्या. "आत्ताच सांगितला ना भाऊ नंबर. आता दुसऱ्यांदा काहून?"

मुलगा म्हणाला, "सिस्टीमच तशी आहे, आजी." काकांनी कामाच्या गडबडीत, कशासाठी हे न विचारता, दुसरे सहा आकडेही सांगून टाकले.

आजींचा प्रश्न बरोबर होता आणि त्याचे उत्तर "सिस्टीम तशी आहे" हे नव्हते. पहिला ओटीपी आणि दुसरा ओटीपी दिसायला सारखे असले, तरी त्यांची कामे वेगळी होती. पहिल्याने त्या मुलीचे नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो आधारच्या नोंदीतून अर्जात आणण्याची परवानगी दिली. दुसऱ्याने अर्जाखाली तिची सही झाली. ती सही कायद्याने कागदावरच्या सहीइतकीच खरी आहे. ती ज्या मोबाईलच्या भरवशावर झाली, तो मोबाईल मात्र मलकापूरहून काही तास दूर, दुसऱ्याच माणसाच्या खिशात होता. हा लेख त्या दुसऱ्या ओटीपीबद्दल आहे.

सहीने काय सिद्ध व्हायचे असते

आपल्या भागात कपाशीच्या हंगामाआधी उचल घेताना वहीत अंगठा घेतला जायचा, त्या काळापासून सहीकडून दोन गोष्टींची अपेक्षा असते. पहिली, सही करणारा माणूस कोण हे कळावे. दुसरी, त्याने नेमक्या कोणत्या मजकुराखाली सही केली हे नंतर बदलता येऊ नये. अंगठ्याने पहिली गोष्ट बऱ्यापैकी साधायची. दुसरीसाठी साक्षीदार लागत. त्यांच्यासमोर मजकूर वाचून दाखवायचा आणि मग अंगठा घ्यायचा, अशी रीत होती. ती नेहमी पाळली गेली असे नाही. अंगठा आधी घ्यायचा आणि रक्कम नंतर लिहायची, ही फसवणूक जुनीच आहे.

संगणकावरच्या सहीलाही हीच दोन कामे करावी लागतात. आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीला मान्यता दिली. त्या वेळची पद्धत आजही चालू आहे. पेनड्राइव्हसारखे दिसणारे एक टोकन असते. त्यात एक गुप्त किल्ली म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या साठवलेली असते. ती टोकनबाहेर काढता येत नाही, पण तिचा वापर करून दस्तावर सही करता येते. शहरातले चार्टर्ड अकाउंटंट आणि सरकारी निविदा भरणारे कंत्राटदार हे टोकन बाळगतात. आपण पंधरा रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढतो, त्यावरची सही याच जातीची असते. टोकन कपाटात आणि पासवर्ड डोक्यात असेल, तर सही आपल्या ताब्यात असते.

अडचण इतकीच, की असे टोकन विकत घ्यायचे, त्यासाठी ओळख पटवायची आणि एक-दोन वर्षांनी ते नव्याने करायचे. वर्षात एखादा अर्ज भरणाऱ्या माणसाला हे परवडणारे नाही. म्हणून २००८ च्या दुरुस्तीने कायद्यात 'इलेक्ट्रॉनिक सही' असा व्यापक शब्द आणला आणि कोणती पद्धत मान्य करायची हे ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. जानेवारी २०१५ मध्ये आधारच्या ओळखीवर चालणारी सहीची पद्धत या यादीत आली. तिलाच आपण ई-साइन म्हणतो. ही सेवा देण्याचा परवाना ज्या मोजक्या संस्थांना आहे, त्यांत पुण्याची सी-डॅक आहे. तिच्या सेवेचे नाव 'ई-हस्ताक्षर' आहे.

दुसऱ्या ओटीपीचा प्रवास

ई-साइनमध्ये टोकन नसते. मग गुप्त किल्ली कुठे असते? सही करण्यापूर्वी ती कुठेच नसते. ती तुमच्यासाठी त्या क्षणी तयार होते, एकदाच वापरली जाते आणि पुसून टाकली जाते. हे कसे घडते, ते त्या मुलीच्या पॅनच्या अर्जावरच पाहू.

अर्ज भरून झाला की पॅनचे काम पाहणाऱ्या संस्थेचा संगणक पूर्ण अर्जावरून एक ठसा काढतो. कितीही पानांचा दस्त असो, या ठशाची लांबी ठरलेली असते. नेहमीच्या पद्धतीत तो चौसष्ट अक्षरांचा असतो. अर्जातले एक अक्षर बदलले, 'मलकापूर'चे 'मलकापुर' झाले, तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. ठशावरून मूळ अर्ज परत बनवता येत नाही. हा ठसा, फक्त ठसा, ई-साइनची परवानाधारक संस्था असते तिच्याकडे जातो. मुलीचा अर्ज त्या संस्थेकडे जात नाही.

आता ती संस्था पडद्यावर स्वतःचे पान उघडते. त्यावर संमतीचा मजकूर असतो आणि आधार क्रमांक टाकायला चौकट असते. क्रमांक टाकला की ती संस्था आधार प्राधिकरणाला सांगते, की या क्रमांकाच्या माणसाची ओळख पटवून द्या. प्राधिकरण आपल्या नोंदीत पाहते, त्या आधार क्रमांकासमोर जो मोबाईल नंबर लिहिलेला आहे त्यावर सहा आकडे पाठवते. हे आकडे दहा मिनिटे चालतात. समोर बसलेल्याने ते बरोबर भरले, की प्राधिकरण ई-साइनच्या संस्थेला कळवते की माणूस तोच आहे, आणि नाव-पत्त्याचा तपशील देते.

त्यानंतर किल्ली तयार होते. एका बंदिस्त, खास बनवलेल्या यंत्रात किल्लीची जोडी बनते, एक गुप्त आणि एक उघड. उघड किल्ली आणि मुलीचे नाव एकत्र बांधणारे प्रमाणपत्र निघते. त्याची मुदत अवघी अर्धा तास असते. गुप्त किल्लीने अर्जाच्या ठशावर सही होते आणि गुप्त किल्ली तिथेच नष्ट केली जाते. सही आणि प्रमाणपत्र पॅनच्या संस्थेकडे परत येऊन अर्जाला चिकटतात. हे सगळे काही सेकंदांत होते.

सहीची दोन कामे इथे दोन वेगळ्या हातांत गेली आहेत, हे लक्षात घ्यायला हवे. मजकूर बदलू नये, हे काम ठसा आणि किल्ली करतात आणि ते फार भक्कम आहे. सही झाल्यावर कोणी अर्जात एक स्वल्पविराम टाकला तरी तपासणीत सही मोडलेली दिसते. पण माणूस कोण, हे काम मात्र पूर्णपणे त्या सहा आकड्यांवर उभे आहे. टोकनच्या पद्धतीत सहीचा ताबा म्हणजे टोकनचा ताबा. ई-साइनमध्ये सहीचा ताबा म्हणजे आधारला नोंदलेल्या नंबरच्या सिमकार्डचा ताबा. तुमचे सिम हेच तुमचे टोकन आहे, मग ते तुम्ही कपाटात ठेवा की पुतण्याच्या खिशात.

मेसेजमध्ये काय नसते

आणखी एक गोष्ट या रचनेतूनच निघते. ओटीपी पाठवणाऱ्या आधार प्राधिकरणाला दस्त काय आहे हे माहीतच नसते. त्याच्याकडे दस्त येत नाही. ओळख पटवण्याची मागणी तेवढी येते. त्यामुळे मेसेजमध्ये "तुम्ही अमुक रुपयांच्या करारावर सही करत आहात" असे कधीच येऊ शकत नाही. काय सही होते आहे, हे फक्त पडद्यावर दिसते, आणि पडदा ज्याच्यासमोर आहे त्यालाच दिसते.

म्हणून सुरतेच्या काकांना दोन्ही ओटीपींत काही फरक वाटणे शक्य नव्हते. माहिती घेण्याचा ओटीपी, सहीचा ओटीपी, एखाद्या योजनेच्या ई-केवायसीचा ओटीपी, हे सगळे एकाच दारातून येतात. आयकर विवरणपत्र भरल्यावर आधारवरून जी पडताळणी करतो, तिचा ओटीपीही त्याच दारातून येतो, आणि ती तर ई-साइन नाहीच. तिथे किल्लीही बनत नाही आणि प्रमाणपत्रही निघत नाही. ओटीपी कोणालाही सांगू नका, हे वाक्य आपण रोज ऐकतो आणि सेवा केंद्रात उभे राहून तो मोठ्याने वाचून दाखवतो. तिथे दुसरा मार्ग नसेल, तर निदान मॉनिटर आपल्याकडे वळवून घ्यावा. पडद्यावर काय लिहिले आहे हे वाचल्यावरच आकडे सांगावेत. दुसऱ्याला फोनवर आकडे सांगणाऱ्याने तर आधी विचारावे, की पडद्यावर काय दिसते ते वाचून दाखव.

नंबर आला कुठून

या सगळ्या व्यवस्थेचा पाया असलेला तो नंबर नोंदीत शिरला कसा, हे पाहिले तर काळजी वाटते. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत गावोगावी शिबिरे झाली. त्या फॉर्मवर मोबाईल नंबर ऐच्छिक होता आणि आजही नियमाने तो ऐच्छिकच आहे. त्या वेळी आधार म्हणजे ओळखपत्र, इतकीच समज होती. त्यावर पुढे सही होणार आहे, हे शिबिराच्या रांगेत उभ्या असलेल्या कोणाला माहीत नव्हते. ई-साइन यायला अजून चार-पाच वर्षे होती.

त्यामुळे कोणी नंबर दिलाच नाही. कोणी घरातला एकुलता एक नंबर पाचही जणांना दिला. एक नंबर अनेक आधारांना जोडता येतो, त्याला अडकाठी नाही. कोणी पाठपुरावा सोपा जावा म्हणून शिबिरातल्या ओळखीच्या मुलाचा नंबर दिला. त्या काळात मिळालेली स्वस्त सिमे पुढे चालवली गेली नाहीत. माझ्याच घरात चौघांचे आधार मी तपासले, तेव्हा दोघांचे नंबर आम्ही केव्हाच सोडून दिलेले निघाले.

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा हा जुना निष्काळजीपणा राज्यभर एकदम वर आला. तिथे बाईच्या आधारचा ओटीपी लागत होता आणि पती किंवा वडिलांच्या आधारचाही. ती सही नव्हती, ओळखीची पडताळणी होती. पण नंबर तोच लागत होता, आधारला नोंदलेला. ज्यांचा नंबर बंद होता त्यांना तो बदलण्यासाठी आधार केंद्रांवर रांगा लावाव्या लागल्या.

चुकीच्या नंबरचे तीन प्रकार

आधारला चुकीचा नंबर असणे, याचे धोके सारखे नाहीत. प्रकार तीन आहेत आणि ते वेगळे समजून घेतले, तर घाबरायचे कुठे आणि नाही कुठे हे कळते.

पहिला प्रकार, नंबर बंद आहे आणि कोणाकडेच नाही. इथे फसवणुकीचा धोका नाही. तुम्हीही सही करू शकत नाही आणि दुसराही करू शकत नाही. नुकसान अडून राहण्याचे आहे, आणि ते नेमके अर्जाच्या शेवटच्या दिवशी कळते. पण ही अवस्था कायम राहत नाही. प्रीपेड सिम ९० दिवस वापरले नाही, तर कंपनी ते बंद करू शकते. बंद झालेला नंबर पुढचे ९० दिवस कोणाला देत नाहीत. त्यानंतर तो नव्या गिऱ्हाइकाला जाऊ शकतो. म्हणजे वापर थांबल्यापासून साधारण सहा महिन्यांनी पहिला प्रकार दुसऱ्यात बदलू शकतो.

दुसरा प्रकार, नंबर अनोळखी माणसाकडे गेला आहे. त्याच्या मोबाईलवर तुमचा ओटीपी येईल. पण सही करायला त्याला आणखी एक गोष्ट लागते, तुमचा बारा आकडी आधार क्रमांक. नुसता ओटीपीचा मेसेज हातात येऊन त्याला काही करता येत नाही, कारण सुरुवात आधार क्रमांक टाकून करावी लागते. हा खरा अडसर आहे. तो किती मजबूत, हे तुमच्या आधारच्या झेरॉक्स किती ठिकाणी पडल्या आहेत त्यावर अवलंबून आहे. लॉज, सिमकार्डचे दुकान, गॅस एजन्सी, पतसंस्था, शाळा, सगळीकडे आपण पूर्ण क्रमांक दिसणारी प्रत दिलेली असते. तरी नेमका तोच अनोळखी माणूस आणि नेमकी तीच झेरॉक्स एकत्र येणे सोपे नाही.

तिसरा प्रकार, नंबर ओळखीच्या माणसाकडे आहे. लोक याला सर्वात सुरक्षित समजतात आणि माझ्या मते हाच सर्वात धोक्याचा आहे. कारण तुमचा आधार क्रमांक आणि तुमचा ओटीपी या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडे असण्याची शक्यता इथेच सर्वाधिक आहे. पुतण्या, वेगळा झालेला नवरा, पूर्वीचा मालक, केंद्र चालवणारा मुलगा. त्या पॅनच्या अर्जात मुलगी समोर बसली होती, तिची संमती होती, काकांनी फक्त आकडे पोचवले. त्यात गैर काही झाले नाही. पण हीच गोष्ट उलटी करून पाहा. काकांकडे तिच्या आधारची प्रत आहे आणि नंबर त्यांचाच आहे. सुरतेत बसून तिच्या नावाने सही करायला त्यांना तिची गरजच नाही. काका भले आहेत, ही त्या सहीची एकमेव सुरक्षा आहे.

याच प्रकारात एक बारकावा आहे. मोबाईल बाईच्या हातात असतो, पण सिम नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर घेतलेले असते. सिम ज्याच्या नावावर आहे, तो दुकानात जाऊन त्याच नंबरचे दुसरे सिम काढू शकतो. मग जुने बंद पडते आणि नव्यावर मेसेज जाऊ लागतात. सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवण्याची सूचना दूरसंचार विभागाने कंपन्यांना दिलेली आहे, ती यासाठीच. तुमच्या मोबाईलची रेंज कारण नसताना गेली आणि परत आली नाही, तर त्या २४ तासांतच कंपनीला फोन करायला हवा.

अशी सही झालीच, तर? पुराव्याच्या कायद्यात मान्य पद्धतीच्या सुरक्षित इलेक्ट्रॉनिक सहीबाबत गृहीतक असे आहे, की ती ज्याच्या नावाची आहे त्याने त्या मजकुराला मान्यता देण्यासाठीच केली. हे गृहीतक खोडता येते, पण खोडण्याचे काम नाकारणाऱ्याला करावे लागते. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा ओळख फसवून वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण तो गुन्हा सिद्ध होईपर्यंत दस्तावर नाव तुमचेच असते. दिलासा एवढाच, की मृत्युपत्र आणि न्यासपत्र अशा सहीने करता येत नाही, आणि शेताचे खरेदीखत नुसत्या ओटीपीवर होत नाही. त्याची नोंदणी दुय्यम निबंधकाकडेच करावी लागते.

जिथे नंबर फॉर्मवरून घेतात

आतापर्यंत ज्या सहीबद्दल लिहिले, तिच्यात नंबर आधारच्या नोंदीतून येतो. फॉर्मवर तुम्ही कोणताही नंबर लिहिला, तरी ओटीपी नोंदलेल्या नंबरवरच जातो. पण ओटीपीवर होणारी प्रत्येक संमती अशी नसते. हप्त्यावर मोबाईल किंवा मोटारसायकल घेताना दुकानातला मुलगा तुमची माहिती भरतो, एक लिंक येते, ओटीपी टाकला की "करार मान्य" होतो. यात अनेकदा नंबर फॉर्मवरचाच असतो, म्हणजे त्या मुलाने टाइप केलेला. इथे तुमच्या नावाचे प्रमाणपत्र निघत नाही. कंपनीकडे एवढीच नोंद राहते, की अमुक वेळी अमुक नंबरवर पाठवलेले आकडे परत आले. असा करार ऑनलाइन झाला म्हणून रद्द ठरत नाही, कायदा त्याला मानतो. पण सहीबाबतचे वर सांगितलेले गृहीतक त्यामागे उभे राहत नाही. वाद झाला, तर तो नंबर कराराच्या वेळी तुमचाच होता हे कंपनीला दाखवावे लागते.

इथे एक आकडा चुकला, तर ओटीपी परक्याकडे जातो, काम अडते आणि चूक लगेच कळते. खरा प्रश्न मुद्दाम टाकलेल्या नंबरचा आहे. घाईत भरणारा स्वतःचाच नंबर टाकतो, "नंतर बदलू" म्हणतो, आणि स्वतःच्याच मोबाईलवरचे आकडे भरून मोकळा होतो. सही त्या दिवशी होऊन जाते. पुढे हप्त्याच्या सूचना, थकबाकीचे इशारे, नवीन कर्ज मंजूर झाल्याचे मेसेज, सगळे त्याच्याकडे जातात. तुम्हाला काहीच कळत नाही, आणि न कळणे हाच यातला तोटा आहे.

रिझर्व्ह बँकेने हा कच्चा दुवा ओळखलेला आहे. प्रत्यक्ष न भेटता, नुसत्या ओटीपीच्या ई-केवायसीवर उघडलेल्या खात्यांवर तिने मर्यादा घातल्या आहेत. शिल्लक एक लाखाच्या वर जाता कामा नये, वर्षात मिळून दोन लाखांच्या वर जमा होता कामा नये, मुदत कर्ज वर्षाला साठ हजारांच्या वर देता येत नाही, आणि वर्षभरात पूर्ण ओळख पटवली नाही तर खाते चालू ठेवता येत नाही. शिवाय अशा खात्याचे ओटीपी आणि व्यवहाराच्या सूचना फक्त आधारला नोंदलेल्या नंबरवरच पाठवाव्यात, असेही सांगितले आहे. म्हणजे फॉर्मवरचा नंबर पुरेसा नाही, हे बँकांवर देखरेख करणाऱ्या संस्थेनेच मान्य केले आहे. पण यामुळेच आधारमधला नंबर चुकीचा असणे आणखी महागात पडते.

आपला नंबर कसा तपासावा

आपल्या आधारला कोणता नंबर आहे, हे ओटीपीशिवाय कळू शकते. myaadhaar.uidai.gov.in वर आधार वैध आहे का हे तपासण्याचे एक पान आहे. तिथे क्रमांक टाकल्यावर वयोगट, लिंग, राज्य आणि नोंदलेल्या मोबाईलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी हे सर्वात सोपे आहे. तीन आकडे पाहिले की नंबर कोणाचा, हे बहुतेक घरांत लगेच ओळखू येते. तिथे मोबाईलचे आकडे दिसलेच नाहीत, तर नंबर नोंदलेला नाही. नंबर आठवत असेल, तर तो जुळतो की नाही हे सांगणारे वेगळे पानही त्याच ठिकाणी आहे.

नंबर बदलायला आधार केंद्रावर स्वतः जाता येते. कागदपत्र लागत नाही आणि जुन्या नंबरवर ओटीपीही लागत नाही, कारण तिथे बोटाचे ठसे घेऊन ओळख पटवतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचे शुल्क ७५ रुपये आहे. नवा नंबर असा द्यावा की ज्याचे सिम तुमच्या नावावर आहे आणि जे तुम्ही चालू ठेवणार आहात. पावतीवर छापलेला नंबर तिथेच उभे राहून आकड्याने आकडा वाचावा. इथे चूक झाली तर परत फेरी आणि परत शुल्क. ई-मेल असेल तर तोही नोंदवावा. त्यावर आपला आधार कुठे वापरला गेला, याची सूचना येते.

नंबर आपल्या हातात आला, की पहिल्याच दिवशी त्याच संकेतस्थळावर मागच्या सहा महिन्यांचा वापराचा इतिहास पाहावा. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या संस्थेने, ओटीपीवर की बोटावर ओळख पटवली, हे ओळीने दिसते. ज्या दिवशी आपण काहीच केले नव्हते, त्या दिवशीची ओटीपीची ओळ दिसली, तर तिथून चौकशी सुरू करता येते. त्यासाठी प्राधिकरणाचा १९४७ हा क्रमांक आहे. हा इतिहास उघडायलाही ओटीपी लागतो. म्हणजे नंबर दुसऱ्याकडे असतो, तोवर दुसरा तुमच्या नावाने काय करतो हे पाहण्याची खिडकीही त्याच्याचकडे असते. म्हणून आधी नंबर आणि मग इतिहास, हा क्रम उलटा होऊ शकत नाही.

आणि सही झालेला दस्त मागून घ्यावा. पीडीएफ संगणकावर उघडली, की सहीच्या चौकटीत नाव आणि वेळ दिसते. त्यावर क्लिक केले की प्रमाणपत्र उघडते. पिवळे प्रश्नचिन्ह दिसले म्हणून सही खोटी ठरत नाही. सातबाऱ्यावरही ते अनेकदा दिसते. आपल्या देशाच्या प्रमाणन व्यवस्थेवर विश्वास ठेवायला त्या संगणकाला सांगितलेले नाही, इतकाच त्याचा अर्थ. पण सही झाल्यानंतर दस्त बदलला आहे असा संदेश आला, किंवा चौकटीतले नाव तुमचे नसले, तर तो दस्त स्वीकारू नये. आणि पीडीएफमध्ये सहीची चौकटच नसून नुसता "ओटीपीने मान्य" असा मजकूर आणि एक मोबाईल नंबर छापलेला असेल, तर ती मागे सांगितलेली दुसऱ्या जातीची संमती आहे. तिथे तो नंबर आपला आहे ना, हे आधी वाचावे.

त्या दिवशी आजी निघाल्या, तेव्हा मी त्यांना विचारले, "तुमच्या आधारला कोणाचा नंबर आहे?"

"बाप्पा, मले काय माहीत? शिबिरात पोरानं सांगितला असंल कोणाचा तरी."

केंद्रातल्या मुलाने त्यांचा आधार क्रमांक टाकून पाहिले. शेवटचे तीन आकडे आले. नातीने दोनदा वाचले. ते सुरतेच्या काकांचे नव्हते, तिच्या वडिलांचे नव्हते, आणि घरातल्या कोणाचेच नव्हते. आजी थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. मग पिशवी खांद्याला लावत नातीला म्हणाल्या, "चाल. आधी आधारवाल्याकडं जाऊ."